बढती तिला मिळाली, अभिनंदन तुम्हाला करायचंय

एप्रिल ते जून हा अनेक खासगी कंपन्यांमध्ये पगारवाढीच्या आणि बढतीच्या पत्रांचा काळ असतो. वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन मार्चअखेरीला संपतं आणि मग एकेकाच्या हातात पत्रं पडू लागतात. पगारवाढ ज्याची त्यालाच कळते, बढती मात्र सगळ्या ऑफिसला कळते. एचआरची ई-मेल येते, पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुष्पगुच्छ आणि टाळ्या सुरू होतात, दुपारी पेढ्यांचा बॉक्स टेबलाटेबलांवरून फिरतो. या गडबडीत एका माणसाची फार पंचाईत झालेली असते. ती जागा त्यालाही हवी होती, मुलाखत त्यानेही दिली होती. आता अभिनंदन त्यालाही करायचं असतं, आणि तो ते कसं करतो याकडे बढती मिळालेल्या व्यक्तीसकट सगळ्यांचं लक्ष असतं.

अशा वेळी बहुतेक माणसं दोनपैकी एक वाट धरतात. काही जण त्या टेबलाकडे जाणंच टाळतात आणि ग्रुपवर एक ओळ टाकून मोकळे होतात. काही जण उसनं अवसान आणून इतरांपेक्षा मोठ्याने अभिनंदन करतात. दोन्ही गोष्टी समोरच्याला लगेच कळतात. तिसरी वाट आहे, आणि ती शिकता येते. तिचं सूत्र एवढंच की अभिनंदन मनापासून वाटावं यासाठी तुम्हाला आनंद झालेला असण्याची गरज नाही. तुम्ही जे बोलाल, ते शब्दशः खरं असण्याची गरज आहे.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते पाहण्यासाठी एक प्रसंग घेऊ. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे असं समजा. खरेदी विभागात दोन असिस्टंट मॅनेजर आहेत. उदाहरणापुरतं त्यांना सुजाता आणि अविनाश म्हणू. दोघांचा अनुभव जवळजवळ सारखा, दोघं एकाच केबिनबाहेर समोरासमोर बसतात, डबा एकत्र खातात, एकमेकांना अरे-तुरे करतात. विभागाचे मॅनेजर निवृत्त होतात. दोघांच्या मुलाखती होतात आणि एका सकाळी सुजाताच्या नावाची ई-मेल येते. अविनाश ती स्वतःच्या स्क्रीनवर वाचतो. सुजाता दहा फुटांवर बसलेली असते.

जवळच्या माणसाचं यश जास्त का टोचतं

अविनाशच्या पोटात खड्डा पडतो. लगोलग त्याला स्वतःचीच लाज वाटते, कारण सुजाता त्याची चांगली मैत्रीण आहे. मैत्रीण असून आपल्याला असं का वाटावं, हा प्रश्न त्याला छळतो. या प्रश्नाला मानसशास्त्रात चांगलं उत्तर आहे आणि ते माहीत असलं की मनावरचा अर्धा भार उतरतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी १९८०च्या दशकात हा विषय बारकाईने मांडला. त्यांच्या मते दुसऱ्याच्या यशाने आपल्याला अभिमान वाटणार की वेदना होणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. ती व्यक्ती आपल्या किती जवळची आहे, ही पहिली. ज्या क्षेत्रात ती पुढे गेली ते क्षेत्र आपल्या स्वतःच्या ओळखीशी किती जोडलेलं आहे, ही दुसरी. सुजाताला उद्या गाण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं असतं, तर अविनाशने ते अख्ख्या कारखान्याला अभिमानाने सांगितलं असतं, कारण गाणं हे त्याचं क्षेत्रच नाही. खरेदीचं काम मात्र त्याचं स्वतःचं आहे. तिथे माणूस जितका जवळचा, तितकी तुलना थेट होते आणि टोच खोल जाते. म्हणजे अविनाशला वाईट वाटतं ते मैत्री खोटी आहे म्हणून वाटत नाही. मैत्री जवळची आहे म्हणूनच ते इतकं वाटतं.

टेसर आणि जोनाथन स्मिथ यांनी १९८०मध्ये केलेल्या एका प्रयोगातून याची दुसरी बाजू दिसली. शब्द ओळखण्याच्या खेळात एकाने दुसऱ्याला सूचक शब्द द्यायचे होते. काही सूचक शब्द सोपे होते, काही अवघड. काहींना सांगितलं होतं की हा नुसता खेळ आहे, तर काहींना सांगितलं की यातून महत्त्वाची बौद्धिक क्षमता कळते. नुसता खेळ होता तेव्हा लोकांनी मित्रांना अधिक मदत केली. क्षमतेचा प्रश्न आला, तेव्हा मात्र त्यांनी अनोळखी माणसापेक्षा मित्रालाच अवघड सूचक शब्द दिले.

आपल्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. तुलनेची टोच माणसाकडून नकळत छोट्या छोट्या गोष्टी करून घेते. अभिनंदनाच्या वाक्यात हळूच खोचलेला एखादा शब्द ही तशीच गोष्ट असते. ‘मी मत्सरी नाही’ असं स्वतःला बजावून ती थांबत नाही. ‘मला वाईट वाटतंय, आणि म्हणून माझ्या तोंडून काहीतरी खोचक निघू शकतं’ हे स्वतःशी मान्य केलं, तर थांबते.

म्हणून ई-मेल वाचल्यावर अविनाशने पहिलं काम करायचं ते हे. पाच-दहा मिनिटं जागेवरून उठायचं, खाली चहाच्या टपरीपर्यंत किंवा गेटपर्यंत चालत जायचं आणि मनातल्या मनात नेमकं काय वाटतंय त्याला नाव द्यायचं. अपेक्षा होती आणि ती मोडली. घरी काय सांगायचं हा प्रश्न आहे. उद्यापासून सुजाताकडे रजेचा अर्ज द्यावा लागेल, हेही टोचतंय. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातली एकही सुजाताने अविनाशविरुद्ध केलेली नाही. एवढं मनात स्वच्छ झालं की बोलण्यात विष येण्याची शक्यता बरीच कमी होते.

कोरडेपणा कुठून येतो

अभिनंदन कृत्रिम का वाटतं, याचं उत्तर समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांच्या कामातून मिळतं. त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला आणि १९८३मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नोकरीत चेहऱ्यावर आणि आवाजात ठरावीक भाव ठेवावे लागतात तेव्हा माणसं ते दोन प्रकारे करतात, असं त्यांना दिसलं. पहिला प्रकार वरवरचा. आत एक वाटतं आणि चेहरा दुसरं दाखवतो. दुसरा प्रकार खोलवरचा. त्यात माणूस आधी स्वतःचं लक्ष अशा एखाद्या गोष्टीकडे वळवतो की आतलं वाटणंच थोडं बदलतं, आणि मग चेहऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. त्रास देणाऱ्या प्रवाशाच्या आयुष्यात नुकतंच काही वाईट घडलं असेल अशी कल्पना करा, असं त्या सेविकांना शिकवलं जायचं. तशी कल्पना केल्यावर राग आपोआप निवळायचा.

ग्रुपवरचं ‘हार्दिक अभिनंदन! पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा!’ हे वाक्य पहिल्या प्रकारचं आहे. त्यात चूक काहीच नाही. पण रोज बाकावर बसून डबा खाणाऱ्या मित्राने ते लिहिलं, की ते निमंत्रणपत्रिकेतून उचलल्यासारखं वाटतं. त्याच्या नेहमीच्या बोलण्यात ‘मनःपूर्वक’ हा शब्द कधी आलेलाच नसतो. भाषा अचानक औपचारिक झाली, की समोरच्याला अंतर पडल्याचं जाणवतं.

वाटणं नुसतं दाबून ठेवण्याचा परिणाम समोरच्यावरही होतो. एमिली बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एकमेकींना अनोळखी असलेल्या स्त्रियांनी एक अस्वस्थ करणारी फिल्म पाहिली आणि मग त्यावर गप्पा मारल्या. काही जोड्यांमधल्या एकीला भावना अजिबात दिसू देऊ नका असं गुपचूप सांगितलं होतं. समोरच्या स्त्रीला याची काहीच कल्पना नव्हती. तरीही अशा जोडीदाराशी बोलताना तिचा रक्तदाब वाढला आणि त्या दोघींमध्ये जवळीकही कमी निर्माण झाली. म्हणजे अविनाशने दगडासारखा चेहरा करून अभिनंदन केलं, तर सुजाताला कारण कळणार नाही, पण अवघडलेपण नक्की जाणवेल.

यावरून काय करायचं ते उघड आहे. चेहऱ्यावर आनंद रंगवण्याच्या फंदात पडायचं नाही. सुजाताच्या टेबलाकडे जाण्याआधी लक्ष एका खऱ्या गोष्टीकडे वळवायचं.

एक खरी गोष्ट शोधा

ही तयारी अभिनंदनातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्यात स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. गेल्या वर्षा-दोन वर्षांत हिने असं कोणतं काम केलं, जे पाहून माझ्या मनात ‘हे चांगलं केलं’ असं खरंच आलं होतं?

प्रश्नाची मांडणी नीट पाहा. ‘ही बढतीला लायक आहे का’ असा तो नाही. त्या प्रश्नाचं उत्तर आज अविनाशला प्रामाणिकपणे देता येणार नाही. ‘मला तिच्यासाठी आनंद झालाय का’ असाही तो नाही. प्रश्न एका जुन्या, घडून गेलेल्या कामाचा आहे, आणि त्या दिवशी दोघांमध्ये स्पर्धा नव्हती.

अविनाशला आठवतं. मागच्या पावसाळ्यात कास्टिंग पुरवणाऱ्या त्यांच्या मुख्य व्हेंडरची भट्टी बंद पडली होती. माल दोन दिवस पुरेल एवढाच शिल्लक होता. सुजाता रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला गेली. तिथल्या एका फाउंड्रीला कंपनीची आधीपासून मंजुरी होती, पण ते लोक महिन्याला थोडाच माल द्यायचे. ती त्यांच्याकडे जाऊन बसली, त्यांच्या इतर ऑर्डरींचं वेळापत्रक त्यांच्यासोबत बसून पाहिलं आणि जादा माल मिळवला. चाकणची लाइन थांबली नाही. तेव्हा अविनाशनेच कॅन्टीनमध्ये चारचौघांत सांगितलं होतं की फोनवर हे काम झालंच नसतं.

ही आठवण आली, की अविनाशच्या मनातला खड्डा बुजत नाही. पण त्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट येऊन उभी राहते आणि ती शंभर टक्के खरी असते. आता त्याच्याकडे बोलायला काहीतरी आहे.

चांगली आठवण ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. ती दुसऱ्या कुणाला लागू पडता कामा नये. ‘तू फार मेहनती आहेस’ हे ऑफिसातल्या कुणालाही म्हणता येतं, ‘कोल्हापूरला जाऊन बसलीस’ हे फक्त सुजाताला. आणि ती आठवण तिच्या निर्णयाबद्दल किंवा कौशल्याबद्दल असावी, स्वभावाबद्दल नको. बढती मिळालेल्या बाईला ‘तू सगळ्यांशी किती गोड बोलतेस’ असं म्हणणं हे कौतुक वाटलं, तरी त्याचा अर्थ बढती गोड बोलण्याने मिळाली असाही निघतो.

बोलायचं काय आणि किती

अभिनंदन त्याच दिवशी, शक्यतो जेवणाच्या सुट्टीच्या आधी आणि समोर जाऊन करावं. सुजाता पेढे घेऊन आपल्या टेबलाशी येईपर्यंत थांबू नये. ती आली आणि मग आपण उठलो, तर अभिनंदन तिने मागून घेतल्यासारखं होतं. भोवती सात-आठ जण असतील तर थोडं थांबून गर्दी ओसरल्यावर जावं, कारण गर्दीत दोघांनाही अभिनय करावा लागतो.

बोलणं तीन छोट्या भागांत बसतं. साधं अभिनंदन, ती एक खरी गोष्ट, आणि एक प्रश्न. अविनाशचं बोलणं असं होऊ शकतं.

“सुजाता, अभिनंदन. ई-मेल वाचली आणि मला पहिलं ते कोल्हापूर आठवलं. लाइन थांबणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो आणि तू जाऊन माल घेऊन आलीस. काय म्हणाले साहेब, कधीपासून सूत्रं हातात घ्यायचीत?”

एवढंच. जेमतेम अर्धं मिनिट लागतं. ‘मला खूप आनंद झाला’ हे वाक्य यात नाही, कारण आज ते खरं नाही आणि ते नसल्याने काही अडतही नाही. ‘ई-मेल वाचली आणि कोल्हापूर आठवलं’ हे थोडं मागेपुढे असलं, तरी मनाने खरं आहे.

शेवटच्या प्रश्नाला कारण आहे. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक जण चांगली बातमी सांगतो तेव्हा दुसरा कसा प्रतिसाद देतो, याचे त्यांनी चार प्रकार पाडले. कुणी उत्साहाने चौकशी करतो. कुणी नुसतं ‘छान’ म्हणून गप्प होतो. कुणी बातमीतल्या अडचणी दाखवतो. कुणी विषयच बदलतो. यातल्या फक्त पहिल्या प्रकाराचा चांगल्या नात्याशी संबंध आढळला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की कोरडं ‘छान’ हे चांगलं म्हणणंच असलं, तरी ते नात्यासाठी उणं ठरलं आणि बाकी दोन वाईट प्रकारांच्या रांगेत जाऊन बसलं. हा अभ्यास प्रेमात असलेल्या आणि विवाहित जोडप्यांवर झाला होता, त्यामुळे तो ऑफिसला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण प्रश्न विचारल्याने बातमी सांगणाऱ्याला बोलायला जागा मिळते, हे आपल्यालाही अनुभवाने माहीत असतं.

प्रश्नाचा दुसरा फायदा अविनाशलाच होतो. तो विचारतो आणि सुजाता बोलू लागते. तिला कोणती जबाबदारी मिळाली, घरी कुणाला पहिला फोन केला, हे ती सांगते. त्या वेळात अविनाशला फक्त ऐकायचं असतं. चेहरा कसा ठेवायचा हा प्रश्न उरत नाही, कारण ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा आपोआप नैसर्गिक असतो.

मग पेढा घ्यावा आणि तिच्यासमोर खावा. ‘नंतर खातो’ म्हणून टेबलावर ठेवलेला पेढा संध्याकाळपर्यंत तिथेच दिसत राहतो, आणि ज्याला अर्थ काढायचा तो काढतोच. गोड वर्ज्य असेल तर तेवढं सांगून छोटा तुकडा घ्यावा.

कुठे बिघडतं

आपल्याकडच्या ऑफिसांत अभिनंदन बिघडतं ते बहुतेक वेळा ठरावीक वाक्यांनी. ती इतकी अंगवळणी पडलेली असतात की बोलणाऱ्याला त्यातली टोच कळत नाही.

‘आता काय, मोठ्या मॅडम झालात, आम्हाला विसरू नका.’ हे थट्टेत म्हटलं जातं. पण ज्याला तीच जागा हवी होती त्याच्या तोंडून आल्यावर त्यात तक्रार ऐकू येते. कालपर्यंतची ‘तू’ आज ‘तुम्ही’ झाली, हेही टोचतं. ‘नशीब लागतं बाबा’ या वाक्यात तिच्या कामाला काहीच जागा उरत नाही. ‘हल्ली बायकांना प्राधान्य आहे’ हे वाक्य तर अभिनंदन नाहीच, तो सरळ अपमान आहे, मग म्हणणारा कितीही हसत म्हणो. ‘तुझंच होणार हे मला आधीच माहीत होतं’ यात अविनाश स्वतःच मुलाखतीला बसला होता, त्यामुळे ते खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. आणि ‘पार्टी कधी?’ हा प्रश्न वाईट नाही, पण अभिनंदनाच्या जागी तो एकटाच आला तर माणूस अवघड क्षणातून पळतोय असं दिसतं. इतरांनी तो विचारावा. अविनाशने आधी आपलं बोलून घ्यावं.

ग्रुपवरही लिहावं लागतं, कारण नाही लिहिलं तर न लिहिणंच सगळ्यांना दिसतं. पण आधी समोर बोलून मग लिहावं. ओळ छोटी आणि आपल्या नेहमीच्या भाषेत असावी. ‘अभिनंदन सुजाता! कोल्हापूर मोहिमेनंतर हे व्हायलाच हवं होतं’ एवढं पुरे. पण यातलं ‘व्हायलाच हवं होतं’ हे मनाला पटत नसेल, तर तेही गाळावं आणि ‘कोल्हापूर मोहीम अजून आठवते’ असं लिहावं. सहा पुष्पगुच्छ आणि दहा टाळ्या टाकल्याने शब्दांतली उणीव भरून येत नाही.

तिनेच विषय काढला तर

सुजाता समंजस असेल, तर ती एकांतात म्हणेल, “अविनाश, तुझंही नाव होतं, मला माहितीये. तुला वाईट वाटलं असेल.” इथे सगळ्यांत जास्त गडबड होते. ‘छे छे, मला काही वाटलं नाही’ म्हटलं तर आधीचं खरं बोलणंही खोटं ठरतं. मन मोकळं करायला लागलं, तर तिच्या आनंदाच्या दिवशी तिलाच आपली समजूत काढावी लागते.

मधलं उत्तर असं असू शकतं: “हो, मलाही हवी होती, खोटं कशाला सांगू. थोडे दिवस लागतील. पण तुझ्या कामाबद्दल मी बोललो ते मनापासून होतं.” तीन वाक्यांत खरं सांगून झालं आणि तिच्यावर ओझंही टाकलं नाही. यानंतर विषय अविनाशनेच बदलावा, तिला बदलायला लावू नये.

आपली निराशा बोलून दाखवायला जागा हवीच. ती घरी, बायकोपाशी किंवा भावापाशी असावी, नाहीतर कंपनीबाहेरच्या मित्रापाशी. ऑफिसातल्या तिसऱ्या माणसाजवळ मन मोकळं करू नये. कॅन्टीनमध्ये विश्वासाने बोललेली गोष्ट दोन दिवसांत सुजातापर्यंत पोहोचते आणि त्या दिवशीचं अभिनंदन मागाहून खोटं ठरतं.

तक्रार असेल तर ती साहेबांकडे

कधीकधी निवड खरोखरच अन्यायाची असते. निकष आधी सांगितलेले नसतात, मुलाखत नावापुरती असते, कुणाची ओळख कामाला येते. अशा वेळी अभिनंदन करणं म्हणजे अन्यायाला मान्यता देणं, असं काहींना वाटतं. त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. निर्णय सुजाताने घेतलेला नाही, तो वरिष्ठांनी घेतला आहे. त्यामुळे जाब तिथेच विचारायला हवा.

त्याची वेळ त्याच दिवशी नको. आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत, मग प्लँट हेड किंवा एचआरकडे भेटीची वेळ मागावी. भेटीत सुजाताचं नाव शक्यतो घेऊ नये. “मी कुठे कमी पडलो?” असं ढोबळ विचारलं तर “तसं काही नाही, पुढच्या वेळी बघू” असं गुळमुळीत उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारावं. या पदासाठी कोणत्या तीन गोष्टी पाहिल्या गेल्या? त्यातल्या कोणत्या गोष्टीत माझी नोंद कमी होती? पुढच्या वर्षभरात मी कोणतं काम हाती घेतलं तर ती उणीव भरून निघेल? उत्तरं लिहून घ्यावीत आणि भेटीनंतर त्यांचा सारांश ई-मेलने पाठवावा, म्हणजे पुढच्या मूल्यमापनाच्या वेळी तो हाताशी असतो. नेमके निकषच सांगता येत नसतील, तर तीही माहितीच आहे. अशा कंपनीत थांबायचं की दुसरीकडे अर्ज करायचा, हे त्यावरून ठरवता येतं.

आणि मनापासून शोधूनही त्या व्यक्तीच्या कामातली एकही चांगली गोष्ट सापडत नसेल, तर कौतुक करू नये. “अभिनंदन. नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा” एवढं शांतपणे, डोळ्यांत पाहून म्हणावं आणि आपल्या कामाला लागावं. थोडक्यातलं खरं बोलणं सभ्य असतं. लांबलचक खोटं बोलणं समोरच्यालाही नको असतं.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यांत

सुजाताला अभिनंदन खरं होतं की तोंडदेखलं, हे त्या अर्ध्या मिनिटात पूर्ण कळत नाही. ते पुढच्या महिन्याभरात कळतं. मॅनेजर म्हणून ती पहिली बैठक घेते, तेव्हा अविनाश फोनमध्ये डोकं घालून बसतो की मुद्दा मांडतो? व्हेंडर जुन्या सवयीने थेट अविनाशला फोन करून दर ठरवू पाहतो, तेव्हा तो “हे आता मॅडमशी बोला” असं सरळ सांगतो की गालात हसून बोलणं चालू ठेवतो? एकांतात ‘सुजाता’ आणि ‘तू’ म्हणणं चालू ठेवायला हरकत नाही, पण व्हेंडरसमोर तिला ‘मॅडम’ म्हणणं हा तिच्या पदाचा मान आहे. हे कसं करायचं ते दोघांनी एकदा उघड बोलून ठरवलं, तर रोजचं अवघडलेपण टळतं.

तिच्या निर्णयाशी मतभेद होतील, आणि ते व्हावेत. जो सहकारी कालपर्यंत तिच्याशी वाद घालत होता तो आज एकदम होयबा झाला, तर तेही नाराजीचंच लक्षण असतं. पहिल्यासारखा वाद घालणं आणि निर्णय झाल्यावर त्याप्रमाणे काम करणं, यातून तिला समजतं की त्या दिवशी अविनाश खरं बोलत होता.

तुमच्या ऑफिसातही कधीतरी अशी ई-मेल येईल. ती आली की उत्तराचं बटण दाबण्याआधी थोडं चालून या. समोरच्या माणसाच्या कामातली एक खरी, नेमकी गोष्ट आठवा, त्याच दिवशी त्याच्या टेबलाशी जाऊन ती त्याला सांगा आणि पुढचं त्याला बोलू द्या. आनंद नसेल तर तो दाखवू नका. तेवढं खरं राहिलात, तर तुमचं अभिनंदन त्याच्या लक्षात राहील आणि उद्यापासून त्याच्या शेजारी बसून काम करणं तुम्हालाही सोपं जाईल.